उपांत्य फेरीत तीनच संघ उरतात : बाद तक्त्यात बाय चुकतो कुठे आणि तो दुरुस्त कसा करायचा

तक्रार दर वेळी जवळपास एकाच शब्दांत येते. "अकरा संघ आहेत. पहिली फेरी झाली, दुसरी झाली, आणि आता उपांत्य फेरीला तीनच संघ उरलेत. एकाला थेट अंतिम फेरीत पाठवलं तर बाकीचे दोघे भांडतील. काय करू?"

हा प्रश्न येतो तेव्हा स्पर्धा अर्धी झालेली असते आणि करण्यासारखं फार काही उरलेलं नसतं. फार तर त्या तिघांत साखळी सामने खेळवता येतील किंवा चिठ्ठी टाकता येईल. दोन्हींत कोणी ना कोणी नाराज होणारच. ही चूक पहिला सामना सुरू होण्यापूर्वी, भाग्यपत्रिका, म्हणजे कोण कोणाशी खेळणार याचा तक्ता, आखतानाच झालेली असते. म्हणून दुरुस्तीही तिथेच करायची.

नेमकं काय बिघडतं

अकरा संघ आहेत म्हटल्यावर बहुतेक जण पाच जोड्या लावतात आणि उरलेल्या एकाला बाय देतात, म्हणजे न खेळताच पुढच्या फेरीत पाठवतात. पुढच्या फेरीत सहा संघ येतात, त्यांच्या तीन जोड्या. संख्या सम आली म्हणून जिवाला बरं वाटतं. त्यातून तीन विजेते निघतात, आणि मग लक्षात येतं की तीन ही संख्या पुन्हा विषम आहे. थोडक्यात, ज्या फेरीत संख्या विषम निघेल त्या फेरीत एक बाय द्यायचा, अशी ही पद्धत.

ती बराच वेळ बरोबर वाटते, याचं कारण सामन्यांची बेरीज चुकत नाही. बाद पद्धतीत प्रत्येक सामन्यात एक संघ बाहेर पडतो. अकरांतला एक उरायचा तर दहा सामने लागणारच. चुकीच्या मांडणीत ५ + ३ + १ + १ = १० होतात, बरोबर मांडणीत ३ + ४ + २ + १ = १०. फेऱ्याही दोन्हींत चारच. "संघसंख्या वजा एक" हा ताळा पाहून समाधान मानणाऱ्याला ही चूक कधीच सापडणार नाही.

फरक पडतो तो बायच्या किमतीत. सगळे संघ तुल्यबळ धरू, म्हणजे कुठल्याही सामन्यात जिंकण्याची शक्यता निम्मी. चुकीच्या मांडणीत शेवटच्या ओळीवरच्या अकराव्या संघाला पहिल्या फेरीत बाय मिळतो. दुसऱ्या फेरीत तो एक सामना जिंकतो, उपांत्य फेरीत पुन्हा बाय, आणि थेट अंतिम सामना. दोन विजयांत करंडक, म्हणजे शक्यता १६ पैकी ४. पहिल्या आठ ओळींवरच्या प्रत्येक संघाला मात्र चार सामने जिंकावे लागतात, त्यांची शक्यता १६ पैकी १. ओळीच्या नशिबाने एका संघाला दुसऱ्याच्या चौपट संधी मिळाली. बरोबर मांडणीत बाय मिळालेल्या संघाला तीन विजय लागतात आणि न मिळालेल्याला चार. शक्यता १६ पैकी २ आणि १६ पैकी १. फरक उरतोच, पण दुपटीच्या वर जात नाही. ज्या फेरीत बाय पडतो ती जितकी पुढची, तितके कमी संघ त्याचे वाटेकरी आणि तितका त्याचा फायदा एकाच ठिकाणी साचलेला.

चुकीच्या मांडणीत बाय दोनच आणि बरोबर मांडणीत पाच, त्यामुळे कमी बायची पद्धत अधिक न्याय्य, असं सांगणारे मला भेटले आहेत. वरचा हिशेब त्यांच्यासाठीच सविस्तर दिला. बाय किती आहेत यापेक्षा ते कुठे आहेत हे पाहायचं.

हीच चूक दुसऱ्या वेशातही येते. एखादा जण १६ ओळींचा छापील तक्ता घेतो, वरून खाली अकरा नावं लिहितो आणि खालच्या पाच ओळी रिकाम्या सोडतो. दिसायला ही वेगळी पद्धत वाटते. पण तेराव्या ते सोळाव्या ओळीपर्यंत कोणीच नाही, म्हणजे त्या चौकडीतून कोणी वर येणार नाही, आणि शेजारच्या चौकडीच्या विजेत्याला उपांत्य फेरीत प्रतिस्पर्धीच नसतो. अगदी तीच भाग्यपत्रिका! तक्त्यात "बाय विरुद्ध बाय" अशी एक जरी जोडी दिसली तरी कुठल्या तरी संघाला दुसऱ्या फेरीत किंवा त्याहून पुढे फुकटची चाल मिळणार, हे तिथेच ओळखावं.

आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकतो. संघसंख्या सम असली की बाय लागत नाही, असं धरून चालू नका. ६, १०, १२, १४ या सगळ्या सम संख्या आहेत आणि या सगळ्यांना बाय लागतो. सहा संघांच्या तीन जोड्या लावल्या की पुढच्याच फेरीत तीन उरतात. बाय लागत नाही तो फक्त ४, ८, १६, ३२, ६४ अशा दुपटीच्या संख्यांना.

जुनं उदाहरण

फेऱ्या चालू असताना बाय वाटत गेलं की काय होतं, याचं उदाहरण इंग्लंडमधल्या फुटबॉलच्या पहिल्याच एफ. ए. चषकात आहे. १८७१-७२ च्या त्या स्पर्धेत १५ संघ होते. पंधरा संघांना खरं तर पहिल्या फेरीत एकच बाय पुरतो, आणि पुढचं सगळं सुरळीत जातं. तिथे मात्र काही संघांनी सामना सोडला, काही जोड्यांतले दोन्ही संघ पुढे धाडले गेले, आणि तिसऱ्या फेरीला पाच संघ उरले. ग्लासगोच्या क्वीन्स पार्कचा पहिल्या फेरीतला सामना झाला नाही, दुसऱ्या फेरीत प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली आणि तिसऱ्या फेरीत त्यांना बाय मिळाला. एकही सामना न खेळता संघ उपांत्य फेरीत! तिथे वाँडरर्सशी त्यांची ०-० अशी बरोबरी झाली. पुन्हा खेळायला लंडनमध्ये थांबण्याचा खर्च झेपेना म्हणून त्यांनी माघार घेतली. वाँडरर्स त्यामुळे अंतिम फेरीत गेले आणि जिंकलेही.

दुरुस्ती : सगळे बाय पहिल्या फेरीत

नियम एकच. दुसऱ्या फेरीत येणाऱ्या संघांची संख्या दुपटीच्या मालिकेतली असली पाहिजे. ती एकदा साधली की पुढे दर फेरीत निम्मे निम्मे होत थेट दोनवर येतात, मध्ये कुठे अडत नाही.

अकराच्या पुढची दुपटीची संख्या १६. सोळातून अकरा गेले, पाच उरले. हे पाच बाय. उरलेले सहा संघ पहिल्या फेरीत तीन सामने खेळतात. तीन विजेते आणि पाच बायवाले मिळून आठ.

हे गणित बहुतेकांना ठाऊक असतं. गाडी अडते ती पाच बाय कोणत्या ओळींवर टाकायचे इथे. त्यासाठी मी जी रीत वापरतो ती पाठ करावी लागत नाही, दर वेळी नव्याने बांधता येते. दोन संघांपासून सुरुवात करायची : १, २. तक्ता दुप्पट करताना प्रत्येक क्रमांकाशेजारी असा जोडीदार बसवायचा की दोघांची बेरीज "नव्या तक्त्याचा आकार अधिक एक" होईल. चारच्या तक्त्यात बेरीज ५, आठच्या तक्त्यात ९, सोळाच्या तक्त्यात १७. जोडीत कोण वर आणि कोण खाली, याने निकालात फरक पडत नाही. पहिला क्रमांक अगदी वर आणि दुसरा अगदी तळाला राहील असं पाहिलं की तक्ता वाचायला सोपा जातो.

```
2:   1 2
4:   1 4 3 2
8:   1 8 5 4 3 6 7 2
16:  1 16 9 8 5 12 13 4 3 14 11 6 7 10 15 2
```

आता शेवटच्या ओळीत ११ पेक्षा मोठा जो जो क्रमांक असेल तिथे "बाय" लिहायचं. १२, १३, १४, १५, १६ असे बरोबर पाच. पहिली फेरी अशी दिसते :

```
 1 – बाय
 9 – 8
 5 – बाय
बाय – 4
 3 – बाय
11 – 6
 7 – 10
बाय – 2
```

बाय १ ते ५ या क्रमांकांना मिळाले. सामने तीन : ९ विरुद्ध ८, ११ विरुद्ध ६, ७ विरुद्ध १०. वरच्या अर्ध्यात पाच संघ आणि तीन बाय, खालच्या अर्ध्यात सहा संघ आणि दोन बाय. दुसऱ्या फेरीत ५ आणि ४ हे दोन्ही बायवाले एकमेकांसमोर येतात. ते पाहून कोणी ना कोणी "चूक झाली" म्हणतो. चूक नाही. पाच बाय आणि दुसऱ्या फेरीत चार सामने, म्हणजे कुठे तरी दोन बायवाले भेटणारच. उलट दोघेही ताजेतवाने असल्याने तो सामना बरोबरीचा होतो.

या रीतीत बायसमोर बाय कधीच का येत नाही, हेही समजून घ्या, कारण त्यातूनच तपासणीची खूण मिळते. प्रत्येक जोडीची बेरीज १७ आहे, म्हणजे जोडीतला एक क्रमांक आठ किंवा त्याहून लहान असलाच पाहिजे. संघ आठहून जास्त असतील तर त्या क्रमांकावर खरा संघ बसलेला असतो. तरीही बायसमोर बाय आलाच तर दोन शक्यता : एक तर तक्ता गरजेपेक्षा मोठा घेतला आहे, नाही तर क्रमांक लिहिताना कुठे तरी अदलाबदल झाली आहे.

शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात बाय वाटण्याची दुसरी रीत शिकवतात : पहिला बाय खालच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला, दुसरा वरच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला, तिसरा खालच्या अर्ध्यातल्या पहिल्या संघाला, चौथा वरच्या अर्ध्यातल्या शेवटच्या संघाला. ओळी वेगळ्या येतात, पण तत्त्व तेच : बाय दोन्ही अर्ध्यांत आणि टोकांपासून आत असे पसरवायचे. ती पद्धत चुकीची नाही. कागदावर हाताने आखायची असेल तर सोपीही आहे. फक्त अर्धी एक रीत आणि अर्धी दुसरी, असं मिसळू नका. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले बरेच तक्ते अशाच सरमिसळीने बिघडलेले होते.

क्रमांक कोणाला, बाय कोणाला

वरचे आकडे मानांकनाचे धरले तर बाय आपोआप सर्वांत बलवान संघांना जातात. टेनिसमध्ये हे उघडपणे केलं जातं. इंडियन वेल्सच्या एकेरीत ९६ खेळाडू असतात, तक्ता १२८ चा असतो आणि ३२ बाय ३२ मानांकितांना मिळतात.

पण मानांकनाला काही आधार हवा. मागच्या स्पर्धेचा निकाल किंवा गुणतालिका हाताशी नसेल तर अंदाजाने मानांकन लावू नये, त्यापेक्षा सोडत बरी. अकरा चिठ्ठ्या, १ ते ११ क्रमांक, ज्याला जो येईल तो. पाच बायही मग नशिबानेच जातात आणि कोणाला बोट दाखवायला जागा राहत नाही. मागच्या वेळचे विजेते आणि उपविजेतेच ठाऊक असतील तर त्यांना १ आणि २ द्या, म्हणजे ते अंतिम फेरीआधी भेटणार नाहीत, आणि ३ ते ११ ची सोडत काढा. सोडत सर्व संघांच्या प्रतिनिधींसमोर काढा आणि बाय कोणत्या क्रमांकांना आहेत हे चिठ्ठी उचलण्याआधीच फळ्यावर लिहून ठेवा. नंतर सांगितलं तर खरं असूनही पटत नाही.

तक्ता संगणकावर असेल तर

स्प्रेडशीटमध्ये सर्वांत जास्त वेळा दिसणारा बिघाड म्हणजे बाय स्वतःच सामना जिंकून पुढे जातो. दुसऱ्या फेरीत संघाच्या जागी "बाय" शब्द दिसतो आणि पहिला मानांकित गायब! कारण विजेता काढायचं सूत्र बहुधा असं असतं :

```
=IF(D2>D3,C2,C3)
```

गुणांचे दोन्ही रकाने रिकामे असताना D2 हा D3 पेक्षा मोठा नसतो, म्हणून सूत्र निमूटपणे खालच्या ओळीला विजेता ठरवतं. खाली "बाय" असेल तर बाय पुढे जातो. खाली खरा संघ असेल तर तो सामना न होताच पुढे दिसतो, आणि हे आणखी वाईट, कारण सहज लक्षात येत नाही.

मांडणी अशी धरा : B मध्ये वरचा सोळांचा क्रम, C मध्ये संघ, D मध्ये गुण, F मध्ये क्रमांकानुसार संघांची यादी. H1 मध्ये संघसंख्या, H2 मध्ये तक्त्याचा आकार, H3 मध्ये बाय.

```
H1: =COUNTA(F2:F17)
H2: =2^LEN(DEC2BIN(H1-1))
H3: =H2-H1
C2: =IF(B2>$H$1,"बाय",INDEX($F$2:$F$17,B2))
```

H2 मधलं सूत्र संघसंख्येतून एक वजा करून ती द्विमान पद्धतीत लिहितं आणि तिचे अंक मोजतं. १० म्हणजे 1010, चार अंक, दोनचा चौथा घात १६. संघ बरोबर सोळा असतील तर १५ म्हणजे 1111, तेही चारच अंक, म्हणून तक्ता उगाच ३२ चा होत नाही. H1 मध्ये अकराऐवजी बारा दिसले तर F च्या यादीत खाली कुठे तरी नुसती मोकळी जागा टंकलेली आहे असं समजा. डोळ्यांना ती दिसत नाही, पण COUNTA तिला संघ म्हणून मोजतं.

पहिल्या फेरीचा विजेता काढताना आधी बाय तपासायचा, मग गुण भरले आहेत का ते पाहायचं, आणि त्यानंतरच तुलना करायची :

```
=IF(C3="बाय",C2,IF(C2="बाय",C3,
 IF(OR(D2="",D3=""),"",
 IF(D2>D3,C2,IF(D3>D2,C3,"")))))
```

गुण सारखे असतील तर चौकट रिकामी राहते, तशी ती राहिलीच पाहिजे. बरोबरी फोडणारा निकाल भरल्याशिवाय कोणी पुढे जाता कामा नये. दुसऱ्या फेरीपासून बायची तपासणी सूत्रातून काढून टाका. तिथे बाय येणंच चूक आहे, आणि सूत्राने ती झाकली तर तुम्हाला कळणार नाही.

दुसरा बिघाड : सोडत आपोआप बदलते. क्रमांक RAND() ने काढले असतील तर कुठल्याही चौकटीत काही लिहिलं की ते पुन्हा नव्याने पडतात. सोडत झाल्याक्षणी तो रकाना कॉपी करून केवळ मूल्य म्हणून चिकटवा. F ची यादीही त्यानंतर नावांच्या अकारविल्हे लावायची नाही. यादीतली जागा म्हणजेच संघाचा क्रमांक.

भाग्यपत्रिका जाहीर झाल्यावर संघ गळला किंवा वाढला

इथे बाय आणि पुढे चाल यांत गल्लत करू नका. बाय म्हणजे त्या जागी मुळात संघच नव्हता. पुढे चाल म्हणजे संघ होता, पण तो उतरला नाही. सातव्या क्रमांकाने स्पर्धेच्या आदल्या दिवशी माघार घेतली तर दहाव्याला पुढे चाल द्या आणि बाकी एकाही ओळीला हात लावू नका. रिकामी जागा भरायला खालच्यांना वर सरकवलं तर जोड्याच बदलतात, आणि ज्यांनी प्रतिस्पर्धी पाहून तयारी केली त्यांच्यावर अन्याय होतो. माघार सोडतीपूर्वी कळली असेल तर गोष्ट वेगळी. मग संघ दहा धरून नव्याने हिशेब करा, बाय सहा.

उशिरा आलेल्या संघाला घ्यावं की नाही हा आयोजकांचा निर्णय. घ्यायचंच ठरलं तर या तक्त्यात त्याची जागा आधीच ठरलेली आहे. बारावा संघ बाराव्या क्रमांकावर, म्हणजे पाचव्यासमोर. पाचव्याचा बाय जातो, बाय चार उरतात आणि इतर दहा संघांच्या ओळी जशाच्या तशा राहतात. यासाठी पाचव्या संघाशी आधी बोलून घ्या, कारण बदलाची किंमत तो एकटाच मोजतो. सोडतीच्या वेळी "नवीन संघ आल्यास शेवटच्या क्रमांकाचा बाय प्रथम रद्द होईल" असं लिहून ठेवलेलं असेल तर हे बोलणं फार सोपं जातं.

खरी अडचण सोळा भरलेले असताना सतरावा आला की होते. तक्ता ३२ चा होतो, बाय १५ आणि पहिल्या फेरीत सामना एकच, सोळावा विरुद्ध सतरावा. कागदावर १५ बाय पाहून लोक दचकतात आणि मग कुठे तरी तिघांचा गट करून वेळ मारून नेतात. तसं करू नका. तो एकच सामना "पात्रता सामना" म्हणून आदल्या दिवशी खेळवा आणि त्याचा विजेता आधीच्या १६ च्या तक्त्यात सोळाव्या क्रमांकाच्या जागी बसवा. भाग्यपत्रिका तीच राहते, तक्त्यात एकही बाय लिहावा लागत नाही, आणि पहिल्या मानांकिताला आपला प्रतिस्पर्धी कोण हे स्पर्धेच्या सकाळी कळतं.